वेट आणि ड्राय रायझर: उघडा राहिलेला व्हॉल्व्ह
> "दोन्ही पाइप लालच, प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्हही तसाच. मग वेट आणि ड्राय रायझरमध्ये नेमका फरक काय?"

रायझर म्हणजे आग विझवण्यासाठी प्रत्येक मजल्यावर पाणी नेणारा उभा पाइप; मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला होज जोडतात. या फरकातला एक मुद्दा सांगतो. वेट रायझरमध्ये पाणी कायम दाबाखाली भरलेलं असतं, त्यामुळे एखादा व्हॉल्व्ह गळू लागला की जमिनीवर ओल दिसते, प्रेशर गेज उतरतो आणि दाब टिकवून ठेवणारा छोटा जॉकी पंप सारखा सुरू-बंद होऊ लागतो. बिघाड स्वतःहून समोर येतो.

ड्राय रायझर एरवी रिकामा असतो. आग लागल्यावर अग्निशमन दलाची गाडी खालच्या इनलेटला होज जोडून त्यात पाणी चढवते आणि आतली हवा वरच्या एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. यात तिसऱ्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह कुणी उघडा ठेवला असेल, तर महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. मग बाराव्या मजल्यावर आग लागते. पाणी 36 मीटर चढवायला, घर्षण सोडूनही, साधारण साडेतीन बार दाब निव्वळ उंचीतच खर्च होतो. वर नोझलला दाब हवाच, आणि इकडे तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा लोंढा जिन्यात सुटलेला. वर होज धरून उभ्या असलेल्या जवानाला नुसती बारीक धार मिळते.

म्हणून ड्राय रायझरचा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद असल्याची खात्री करा, त्यावर टोपी आणि पट्टा लावा. तळाचा ड्रेन व्हॉल्व्हही पाहा, तो हमखास विसरला जातो. पाइप पाण्याने भरून दाबाची चाचणी केल्याशिवाय गंजलेले सांधे मात्र सापडत नाहीत.