मदत हवी आहे: लपलेल्या दोषाच्या केससाठी चर्चेचे प्रश्न

व्यवसाय-नीतीच्या वर्गासाठी केस लिहितोय, पण चर्चेचे प्रश्न मनासारखे जमत नाहीत.

केस अशी: पुरवठादार १२.९ ग्रेडचे, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट पुरवतो. मुलामा दिल्यावर काही तासांत ते सुमारे २०० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवावे लागतात. नाहीतर पोलादात शिरलेला हायड्रोजन आतच राहतो आणि आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटू शकतो. माल गेल्यावर भट्टीची नोंदवही चाळताना कळतं, एक बॅच तापवलीच नव्हती. मापं, कडकपणा, ताणचाचणी सगळ्यांत ती पास! ग्राहकाने बोल्ट बसवायलाही घेतलेत. आता तापवूनही उपयोग नाही, पडलेल्या सूक्ष्म भेगा भरून येत नाहीत.

‘सांगावं का?’ हा प्रश्न फारच सोपा, सगळे ‘हो’ म्हणून मोकळे होतील. मी दोन विचारतोय. ४८ तास ताणाखाली ठेवून नमुने तपासावेत आणि मग कळवावं, की आधी काम थांबवायला सांगावं? नमुने टिकले, तर उरलेल्या बोल्टांबद्दल नेमकं काय सिद्ध होतं?

दर्जा-विभागात काम केलेल्यांनी तिसरा, याहून अडचणीचा प्रश्न सुचवाल का? शक्यतो मुलामा देणारा उपकंत्राटदार वेगळा असेल तेव्हाचा.