ओजसची जर्मनी आणि १२० विद्यापीठांचं ‘टाय-अप’

सुनीता वहिनी (बी-४०२): नमस्कार मंडळी. ओजसला जर्मनीला एमएस करायचंय, मेकॅनिकल. एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. वेबसाइटवर लिहिलंय, ‘१५ वर्षांचा अनुभव, १२० जर्मन विद्यापीठांशी टाय-अप, ॲडमिशनची १००% गॅरंटी, व्हिसा सक्सेस ९८%’. फी पावणेदोन लाख, त्यातले पन्नास हजार रविवारपर्यंत टोकन. कोणाला काही अनुभव?

जोशी काका (ए-१०१): १००% गॅरंटी तर आपल्या लिफ्टवाल्यानेही दिली होती.

मुग्धा (सी-३०४): वहिनी, टोकन भरू नका अजून. मी स्टुटगार्टला शिकून आलेय. एकच विचारते, त्या १२० मधल्या कुठल्या विद्यापीठांत ॲडमिशन देणार ते नावानिशी सांगितलं का?

सुनीता वहिनी: वेबसाइटवर आखन, म्युनिक सगळ्यांचे लोगो आहेत. ऑफिसात मात्र बर्लिनच्या एकाच विद्यापीठाचं नाव घेत होते. म्हणे तिथे आठ दिवसांत ऑफर लेटर येतं.

मुग्धा: तिथेच गोम आहे. आखन, म्युनिक ही सरकारी विद्यापीठं. विद्यार्थी स्वतःच अर्ज करतो, मधल्या माणसाचा काही संबंध नसतो आणि त्याला कमिशनही मिळत नाही. कमिशन देतात ती खाजगी विद्यापीठं. म्हणून वेबसाइटवर लोगो सरकारी आणि ऑफिसात नाव खाजगी.

कसं तपासायचं सांगते. hochschulkompass.de उघडा. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेची साइट आहे. त्यात बर्लिनवाल्याचं नाव टाका आणि Trägerschaft या ओळीत काय लिहिलंय बघा. öffentlich-rechtlich असेल तर सरकारी. privat, staatlich anerkannt असेल तर खाजगी, पण मान्यताप्राप्त. नावच सापडलं नाही, तर विषय संपला.

ओजस: बघितलं ताई. privat, staatlich anerkannt. आणि त्यांच्या साइटवर फी वर्षाला १४ हजार युरो 😐

सुनीता वहिनी: अरे, पण जर्मनीत शिक्षण फुकट ना?

मुग्धा: सरकारी विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी फी नाही, फक्त दर सेमिस्टरचं थोडं शुल्क. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावलीय. तरी सगळीकडे वर्षाला १४ हजार पडत नाहीत. खाजगी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, पण ‘फुकट जर्मनी’ सांगून तिथे पाठवणं ही फसवणूकच.

प्रसाद (बी-२०१): पण गॅरंटी कशी काय देतात? काहीतरी जुगाड असणारच.

मुग्धा: जुगाड नाही, नियमच आहे, तो ते स्वतःच्या नावावर विकतात. जर्मनीत काही कोर्स zulassungsfrei असतात. म्हणजे जागांची मर्यादा नाही, अटी पूर्ण केल्या की प्रवेश. त्यात गॅरंटी विद्यापीठाचीच, तीही अटी पुऱ्या झाल्या तर. अटींमध्ये बऱ्याचदा असतं की अमुक विषयांचे इतके क्रेडिट बी.ई.ला झालेले हवेत. माझ्या मैत्रिणीचे मॅथ्स कमी भरले आणि नकार आला. तिच्या कन्सल्टंटने ते पाहिलंच नव्हतं.

ओजस, daad.de वर कोर्सचा शोध मोफत आहे. एक कोर्स निवड, विद्यापीठाच्या साइटवरच्या अटी वाच आणि आपली मार्कशीट शेजारी ठेवून क्रेडिट मोज. एक संध्याकाळ जाईल.

जोशी काका: गॅरंटीचा कागद वाचला का वहिनी?

सुनीता वहिनी: थांबा, फोटो काढलाय. ‘संस्थेने सुचविलेल्या किमान एका विद्यापीठात प्रवेश. उमेदवाराने प्रवेश नाकारल्यास शुल्क परत मिळणार नाही.’

जोशी काका: घ्या. ‘संस्थेने सुचविलेल्या’! म्हणजे बर्लिनची ऑफर आली की त्यांचं काम फत्ते. तुम्ही नको म्हणालात तरी पावणेदोन लाख गेले.

प्रसाद: ती १५ वर्षंही तपासा. lookup.icann.org वर त्यांच्या वेबसाइटचा पत्ता टाका, Created म्हणून तारीख येते. मी आत्ताच टाकला, २०२२ दाखवतंय. साइट नवी बनवली असेल, नाव बदललं असेल, मान्य. मग २०१० मध्ये कुठल्या नावाने चालायचं ते विचारा.

नीला काकू (ए-३०२): अहो, सगळेच कन्सल्टंट चोर नसतात. आमच्या पुतणीचं सगळं व्यवस्थित झालं.

मुग्धा: बरोबर आहे काकू. फॉर्म भरायला, कागद लावायला मदत घ्यावी, त्याची फी द्यावी. पण अर्जाच्या नावाखाली काय घेतात तेही बघा. बरीच सरकारी विद्यापीठं युनि-असिस्टमार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. युनि-असिस्ट कागद तपासतं, निर्णय विद्यापीठाचाच.

आणि ओजस, तिथलं खातं तुझ्या ईमेलने, पासवर्ड तुझ्याकडे. काही जण ऑफिसच्या ईमेलने खातं उघडतात. मग नकार आला तरी पोराला कळत नाही, ‘वेटिंगमध्ये आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

सुनीता वहिनी: आणि ९८% व्हिसा?

मुग्धा: तो आकडा तपासायची सोयच नाही. कुठल्या कन्सल्टंटचे किती व्हिसा झाले याची यादी वकिलात लावत नाही. शंभरपैकी किती धरले, फाइल मध्येच सोडलेले मोजले की नाही, सगळं त्यांच्याच हातात. व्हीएफएसचं सेंटर कागद घेतं, निर्णय जर्मन वकिलातीचा. ते बघतात प्रवेशपत्र, आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र, दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा ब्लॉक्ड अकाउंटमधले वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, आणि हा कोर्स या मुलाच्या आधीच्या शिक्षणाला जुळतो का.

नकाराचंही बदललंय. पूर्वी वकिलातीला पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, जुलै २०२५ पासून ते बंद. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणून दुसऱ्याने लिहिलेलं एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, किंवा ‘ॲडजस्ट’ केलेला अनुभवाचा दाखला लावू नका.

ओजस: ताई, त्यांनी विचारलं होतं की एक वर्षाचा अनुभव दाखवायचा का. मी तर कॉलेजातून आत्ताच बाहेर पडलोय.

सुनीता वहिनी: हे मला का नाही सांगितलंस??

ओजस: मला वाटलं सगळे तसंच करतात.

मुग्धा: एपीएस आधी सुरू कर, aps-india.de वर. फी १८ हजार, वेळ लागतो, अर्ज स्वतःच करता येतो. आणि कन्सल्टंटला एक ईमेल टाक: ‘आखनशी टाय-अप आहे म्हणता, तर करार दाखवा किंवा विद्यापीठाच्या साइटवर तुमचं नाव कुठे आहे ती लिंक पाठवा.’ फोनवर नको, लेखीच.

*(रात्री ९.४०)*

ओजस: उत्तर आलं. ‘टाय-अप म्हणजे आम्ही त्या विद्यापीठांसाठी गायडन्स देतो. सविस्तर ऑफिसमध्ये बोलू.’

जोशी काका: मग मीही टाटांशी टाय-अपमध्येच आहे, त्यांची गाडी चालवतो.

प्रसाद: 😂😂

सुनीता वहिनी: हसू नका, मला घाम फुटलाय. त्याची दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि बी.ई.चं सर्टिफिकेट त्यांनी ‘फाइल तयार करायला’ ठेवून घेतलंय.

मुग्धा: मूळ कागद कशाला? स्कॅन पुरतात त्यांना. पासपोर्टही दिलाय?

सुनीता वहिनी: नाही, तो घरी आहे. उद्या दहाला ऑफिस उघडतं. ह्यांना सांगितलंय, रजा टाका.

जोशी काका: मीही येतो बरोबर. साडेनऊला गेटपाशी थांबतो.