मदत हवी आहे: ऑटोमाटा थिअरीचा पेपर पाच आठवड्यांवर, 'सिद्ध करा' आलं की अडतं

अर्धविराम
तिसऱ्या वर्षाला आहे, संगणक अभियांत्रिकी. डीएफए काढणं, रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिणं जमतं. सिद्धता आली की हात थांबतो. चाचणीत a^n b^n ही भाषा रेग्युलर नाही हे पंपिंग लेमाने दाखवायचं होतं. मी aaabbb घेतली, मधला ab हा y धरला, तो दोनदा लिहिल्यावर aaababbb झालं. ते भाषेत बसत नाही, म्हणून सिद्ध. शून्य गुण मिळाले, आणि का ते अजून कळलेलं नाही. आठवड्यांची आखणी कशी करू?

गणू७७
y मध्ये नुसते a, नुसते b, किंवा दोन्ही, अशा तीन केसेस होतात. तू एकच लिहिलीस. तिन्ही लिही, गुण मिळतील.

रानजाई
मी हा विषय बरीच वर्षं शिकवते. गणू, केसेस घेण्यात गैर नाही, पण aaabbb वर तीन केसेस लिहूनही शून्यच मिळेल. अर्धविराम, समोर एक माणूस बसलाय आणि म्हणतोय, "या भाषेचा डीएफए माझ्याकडे आहे." p तो सांगणार, स्ट्रिंग तू निवडणार, तिचे x, y, z तुकडे तो पाडणार, आणि y किती वेळा लिहायचा ते तू ठरवणार. तू p ही स्वतःच ठरवलास आणि तुकडेही स्वतःच पाडलेस. त्याच्या दोन्ही खेळ्या तू खेळलीस.

आता a^p b^p घे. xy ची लांबी p पेक्षा जास्त नसते, म्हणजे त्याने कुठेही कापलं तरी y मध्ये नुसते a येणार. y दोनदा लिहिला की a वाढतात, b तेवढेच राहतात. केस एकच.

आखणी अशी कर. पहिल्या आठवड्यात नवं काही वाचू नकोस. तुला येणारेच डीएफए घे आणि प्रत्येक स्टेटखाली ती काय लक्षात ठेवते ते एका वाक्यात लिही. तीनने भाग जाणाऱ्या बायनरी संख्यांचा डीएफए घे. स्टेट r म्हणजे 'आतापर्यंतच्या संख्येची बाकी r'. पुढचा अंक b आला की संख्या दुप्पट होऊन त्यात b मिळतो, म्हणून नवी स्टेट (2r+b) mod 3. रिकाम्या स्ट्रिंगला बाकी 0, तीच सुरुवातीची स्टेट. हीच तुझी इंडक्शनची सिद्धता, वेगळं काही उरत नाही. वाक्य लिहिता आलं नाही, तर ती स्टेट अंदाजाने काढलेली आहे असं समज.

दुसरा आठवडा फक्त पंपिंग लेमाला दे. रोज दोन भाषा, आणि प्रत्येक ओळीपुढे 'तो' किंवा 'मी' लिही. तिसऱ्यात ग्रामर आणि पुशडाउन. चौथ्यात ट्युरिंग मशीन आणि रिडक्शन, तिथे दिशा सांभाळ: नवा प्रश्न सोडवणारं यंत्र आहे असं धरून त्याने हॉल्टिंग प्रॉब्लेम सोडवून दाखवायचा. उलटं लिहिलंस तर काहीच सिद्ध होत नाही. पाचव्यात जुने पेपर, घड्याळ लावून.

चकवा
गेटला मला सिद्धता लिहावीच लागली नाही. क्लोजरचा तक्ता पाठ केला आणि पर्याय गाळत गेलो. तेवढं पुरतं.

अर्धविराम
@चकवा, गेट नाही, विद्यापीठाचा लेखी पेपर आहे.
@रानजाई ताई, ww साठी करून पाहिलं. a^p a^p घेतली, y एक a, दोनदा लिहिल्यावर लांबी विषम. बरोबर ना?

रानजाई
तुकडे पुन्हा तूच पाडलेस. तो y म्हणून aa घेईल. मग कितीही वेळा लिही, लांबी समच राहते आणि नुसत्या a ची सम लांबीची स्ट्रिंग ww असतेच. तुझी निवडच फसली. a^p b a^p b घे. y पहिल्या a मध्येच अडकतो, दोनदा लिहिल्यावर a^(p+k) b a^p b होतं, k म्हणजे y ची लांबी. हे ww असेल तर दोन b दोन अर्ध्यांत एकेक, आणि शेवटचं अक्षर b म्हणून दोन्ही अर्धे b वर संपणार. मग दोन्हींत a सारखे हवेत, पण पहिल्यात k जास्त आहेत.

शून्यवेळ
माइहिल-नेरोड का नाही वापरत? a^i आणि a^j, दोन्हींपुढे b^i जोडलं की एक भाषेत, दुसरी बाहेर. i वेगवेगळे घेत गेलं की अगणित स्टेट्स लागतात. दोन ओळीत संपलं.

रानजाई
अगणित नको, अनंत म्हण. बाकी सुंदर आहे, पण प्रश्नात 'पंपिंग लेमा वापरून' असेल तर मी गुण देणार नाही.

शून्यवेळ
मला मिळाले होते.

अर्धविराम
तिसऱ्या आठवड्यात a^n b^n c^n आहे. तिथेही एकच केस का?

रानजाई
नाही. तिथे पंप होणारा भाग सुरुवातीला बांधलेला नसतो, तो कुठेही सरकतो. फक्त p अक्षरांत मावतो, म्हणून a, b, c तिन्हींना एकदम शिवत नाही. तो c ला शिवत नाही ही एक केस, a ला शिवत नाही ही दुसरी. गणूच्या केसेस तिथे काढ.