मदत हवी आहे: कथेतली मुलाखत अडली आहे

कथा लिहितेय. पुण्यातली आयटी कंपनी, संध्याकाळ, मॅनेजरबाईंची दिवसातली सहावी मुलाखत. समोर लातूरकडची फ्रेशर. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट, प्रत्येक उत्तराआधी "सॉरी मॅम". डेटाबेसमधला लेफ्ट जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडताना पहिल्यातल्या सगळ्या ओळी राखणं, विचारल्यावर तिची बोबडी वळते. बाई कोरा कागद पुढे सरकवतात, "दोन टेबलं काढ, विद्यार्थी आणि फी." ती काढते, आणि दोन्ही जोडताना फी न भरलेल्या मुलापुढे बरोबर 'नल', म्हणजे नोंदच नाही, असं लिहिते.

इथवर जमलंय. पण आता बाईंना फॉर्म भरायचाय आणि कागदाची मदत आधीच्या पाच जणांना मिळालेली नाही. पैकी एक मुलगा ह्याच प्रश्नावर गारठला होता, त्याला त्यांनी पाचपैकी दोन दिलेत. हिला चार दिले तर ती पारख की आपलेपणा?

बाईंनाही पहिल्या मुलाखतीत असंच कुणी सावरलं होतं, हा फ्लॅशबॅक मी लिहून खोडला. फार सोपा वाटला. मुलाखती घेणाऱ्यांनो, अशा वेळी तुम्ही त्या मुलाला परत बोलावता का? एचआर तसं करू देतं? आणि लिहिणाऱ्यांनो, बाईंना तिच्यात स्वतःची ओळख पटते हे फ्लॅशबॅकशिवाय दाखवायचं कसं?