पावसाळ्यात घोसाळ्याची जाळी: वापरावी की हातच बरे?

सड्यावरची (गुहागर): आमच्या परसात घोसाळ्याचा वेल आहे. जून झालेली घोसाळी वेलावरच वाळवून आम्ही पाचजणी अंग घासायच्या जाळ्या करतो. थोड्या विकतो, दोन होमस्टेवाल्यांना देतो. गेल्या पावसात माझ्याच मांड्यांवर आणि पाठीवर पुळ्या उठल्या. डॉक्टर म्हणाले, जाळी फेका, हातानेच साबण लावा. हात काय निर्जंतुक असतात? मग एकट्या जाळीवरच का राग?

बांगडा फ्राय: डॉक्टरांना काय, काहीही सांगतील. जाळीला आपण रोज साबणच लावतो ना? साबणात जंतू टिकतील कसे? आमची आजी जन्मभर नारळाच्या सोडणाने अंग घासत होती, नव्वद वर्षं जगली. उन्हात टाका जाळी, विषय संपला.

लॅबवाली (रत्नागिरी): ताई, पुळ्या केसाच्या मुळाशी होत्या का? मधोमध केस, टोकाला पिवळा ठिपका, भोवती लाल?

सड्यावरची: अगदी तशाच. आठवडाभराने आपोआप गेल्या, जाळी पुन्हा वापरायला लागले तशा परत आल्या.

लॅबवाली: मग डॉक्टरांचा संशय बरोबर दिशेने आहे. पू तपासलेला नाही, त्यामुळे जंतूचं नाव मी इथे बसून सांगणार नाही. पण ओल्या जागी राहणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू असं करतो. न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णाच्या अशाच पुळ्यांचा माग तिच्या अंग घासायच्या जाळीपर्यंत गेला होता. 1994 साली तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी यावर सविस्तर लिहिलं. त्यातली मला लक्षात राहिलेली गोष्ट अशी, की जाळी आणि पाणी एवढंच पुरलं, बाहेरून काही खाणं न घालताही हे जंतू वाढले. म्हणजे घोसाळ्याचा धागा त्यांना नुसता आसरा देत नाही, जेवायलाही घालतो. आपण वर आपल्या मेलेल्या कातडीचा चुरा वाढतो.

बांगडा दादा, साबण जंतूंना मारतो असं धरून चाललात तिथे चुकलं. साबण मुख्यतः तेल-मळ सोडवतो आणि पाणी ते वाहून नेतं. तळहातावरून सगळं वाहून जातं. जाळीच्या पोटातून नाही जात. ताई, हात निर्जंतुक नसतातच. पण हात रात्रभर न्हाणीत ओले टांगलेले नसतात, पुसले की दोन मिनिटांत कोरडे. नखं तेवढी कापलेली हवीत. शिवाय हाताने कातडीला ओरखडे पडत नाहीत, जंतूंना आत शिरायला वाट मिळत नाही.

तिसऱ्या: आमच्या मुलाला जांघेत गजकर्ण झालंय, दोन महिने झाले. तो जाळी कधीच वापरत नाही. मग हाताने आंघोळ करूनच झालं म्हणायचं का?

लॅबवाली: तो प्रकार वेगळा, ती बुरशी. गोल चट्टा, कड लाल आणि खाजरी. घरात एकच पंचा सगळे वापरताय का ते बघा. आणि दुकानातून आणलेलं मलम लावत असाल, तर त्यात स्टेरॉइड नाही ना ते डॉक्टरांना विचारा. त्याने खाज थांबते, चट्टा मात्र पसरतो.

तिसऱ्या: पंचा एकच आहे. आणि मलम दुकानातलंच.

हर्णै होमस्टे: मी जाळी बंद करून प्लास्टिकचा फुलासारखा गोळा ठेवतो. प्लास्टिकला काय कुजायचंय?

लॅबवाली: धागा कुजत नाही हे खरं, आणि तो घोसाळ्यापेक्षा लवकर वाळतोही. पण गोळ्याच्या मधल्या दोरीपाशी बोटं घालून बघा, तिथे बुळबुळीत लागतं. ते जंतूंचंच अस्तर. आणि एका पाहुण्याचा गोळा दुसऱ्याला? तो तर मुळीच नको.

जाळी वाळली की नाही हे हाताला कळत नाही, वरून कोरडी लागते. ताई, तुमच्याकडे मसाल्याचा वजनकाटा असेल. नव्या कोरड्या जाळीचं वजन घ्या, आंघोळीनंतर पिळून घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत घ्या.

सड्यावरची (तीन दिवसांनी): केलं. वीतभर दोन तुकडे, कोरडे प्रत्येकी 11 ग्रॅम. आंघोळीनंतर घट्ट पिळून प्रत्येकी 29. एक न्हाणीत खुंटीला टांगला, दुसरा माजघरात पंख्याखाली. चोवीस तासांनी न्हाणीतला 21, पंख्याखालचा 13. बाहेर तीन दिवस संततधार, ऊन कुठलं आणायचं बांगडा दादा? न्हाणीतला नाकाशी धरला तर पावसात न वाळलेल्या बनियनसारखा वास.

लॅबवाली: म्हणजे पुढच्या आंघोळीला हात लावेपर्यंत त्यात 10 ग्रॅम पाणी होतंच. तो कधी कोरडा झालाच नाही. मे महिन्यात दुपारच्या उन्हात हेच करून बघा, वेगळा आकडा येईल. म्हणून माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर हात, बाकीच्या महिन्यांत हौस असेल तर जाळी, तीही तीन-चार आठवड्यांत बदलायची. पायांवर वस्तरा फिरवला किंवा वॅक्सिंग केलं असेल त्या दिवशी कधीच नाही.

खलाशी काका (मिरकरवाडा): हे खुर्चीत बसणाऱ्यांचं झालं. बोटीवरून आलं की अंगावर डिझेल, वंगण, खवले. नुसत्या हाताने निघत नाही, निघालं तर दाखवा.

लॅबवाली: काका, ते खरं आहे. तिथे जुन्या सुती पंचाचे चौकोनी तुकडे करा. रोज एक घ्यायचा, वापरून धुण्यात टाकायचा, तो कोरडा होईपर्यंत दुसरा. कापड पातळ, जाळीपेक्षा फार लवकर वाळतं आणि उकळताही येतं. तेच ओलं फडकं आठवडाभर खुंटीला राहिलं, तर मात्र जाळीत आणि त्यात फरक नाही.

हर्णै होमस्टे: जाळी उकळली तर? किंवा ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर?

लॅबवाली: उकळून जंतू मरतात, पण ती संध्याकाळी परत ओली होते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. त्या न्यूयॉर्कवाल्यांनी ब्लीचचं दहा टक्के पाणी सुचवलं होतं, म्हणजे घरातल्या द्रव ब्लीचचा एक वाटा, पाण्याचे नऊ. पाच मिनिटं बुडवून भरपूर धुवायचं. टीसीएल डब्यात पडून पडून हलकी होते, तिचं माप मी सांगणार नाही. आणि ब्लीचच्या जवळ संडास धुवायचं ॲसिड आणू नका, विषारी वायू निघतो.

बांगडा फ्राय: एवढे जंतू असतील तर गावातल्या निम्म्या लोकांना पुळ्या हव्यात. कुठे आहेत?

लॅबवाली: रास्त प्रश्न. जंतू असणं आणि पुळी उठणं यात अंतर आहे. धडधाकट कातडी बहुतेकांना वाचवते, किती जणांना त्रास होतो हा आकडा माझ्याकडे नाही. मधुमेह किंवा इसब असलेल्यांनी मात्र हा जुगार खेळू नये. बरं, तुमची आजी तेच सोडण दुसऱ्या दिवशी वापरायची?

बांगडा फ्राय: छे. आंघोळ झाली की न्हाणीच्या चुलीत सारायची. सोडणाला काय तोटा, वाडीभर नारळ.

सड्यावरची: म्हणजे आजीने रोज नवीन घेतलं की! आम्ही आता जाळीचे दोन बोटांचे तुकडे करतो, कागदात गुंडाळून, एका पाहुण्याला एक, जाताना घरी न्या किंवा टाका. हर्णैवाले, चालेल का?

हर्णै होमस्टे: तुकड्याला भाव काय लावणार ते आधी सांगा.