जीवनसत्त्व 'ई'नंतर एकदम 'के' कसं? मधली अक्षरं कुठे गेली?

निंबोणी: मुलीच्या पुस्तकात अ, ब, क, ड, ई अशी जीवनसत्त्वं ओळीने दिली आहेत आणि पुढे थेट 'के'. घरातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर बी-१, २, ३, ५, ६, १२ एवढेच आकडे आहेत, बी-४ नाहीच. ही नावं ठेवली कोणी आणि मोजताना त्याचं लक्ष कुठे होतं?

चांगभलं: 'के'चं सोपं आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी ते शोधलं. रक्त गोठण्याला त्यांच्याकडे 'कोआगुलेशन' म्हणतात आणि त्याचं स्पेलिंग के-ने सुरू होतं. क्रमाशी काही देणंघेणं नाही, हवं ते अक्षर उचललं.

सुपारी: आमच्या नातवाला जन्मल्याबरोबर मांडीत 'के'चं इंजेक्शन दिलं. विहीणबाई हटून बसल्या, "क तर लिंबात असतं, एवढ्याशा बाळाला सुई कशाला?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

कोंडा: सुपारीताई, लिंबातलं 'क' म्हणजे इंग्रजीतलं सी, आणि बाळाला दिलं ते के. आपण सी-ला क म्हटलं, त्यामुळे के-ला 'के'च ठेवावं लागलं. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात के फार थोडं असतं, आईच्या दुधातूनही कमीच जातं. मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून ती सुई.

गंमत म्हणजे विहीणबाईंचा घोटाळा त्या काळच्या संशोधकांनीही केला होता. १९२९च्या सुमारास डाम कोपनहेगनमध्ये कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेलं खाद्य देत होते. त्यांना तपासायचं होतं कोलेस्टेरॉल. पण पिल्लांच्या कातडीखाली, स्नायूंत रक्त साकळायला लागलं आणि काढलेलं रक्त लवकर गोठेना. पुढे काहींना हा स्कर्व्हीचाच, म्हणजे क कमी पडून होणाऱ्या आजाराचाच प्रकार वाटला. म्हणून क देऊन पाहिलं, पण रक्तस्राव थांबेना. कोलेस्टेरॉल परत देऊनही थांबेना. हिरवा पाला आणि डुकराचं यकृत यांनी मात्र फरक पडला. मग १९३५मध्ये डाम यांनी त्या अज्ञात घटकाला के म्हटलं.

चांगभलं, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण के उगाच उचललेलं नव्हतं. नोबेल व्याख्यानात डाम यांनीच सांगितलंय की आधीची अक्षरं कोणी ना कोणी, कमीजास्त आधाराने, वापरून झाली होती. पहिलं मोकळं अक्षर के होतं आणि योगायोगाने कोआगुलेशनशी जुळलं.

चांगभलं: म्हणजे एफ, जी, एच ही खरोखर होती? मला वाटायचं, ती सोडूनच दिली.

कोंडा: होती की! जी म्हणजे आजचं बी-२. एच म्हणजे बायोटिन, त्वचेला जर्मनमध्ये 'हाउट' म्हणतात त्यावरून. एफ हे नाव काही स्निग्धाम्लांना मिळालं होतं, नंतर ती तेलातुपाच्या खात्यात गेली. आय आणि जे यांवर कोणी काय दावे केले, त्याच्या याद्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत.

मुळात अक्षर ही तात्पुरती खूण होती. पदार्थाची रचना ठाऊक नाही, नुसतं दिसतंय की हे दिलं की उंदीर वाढतो आणि नाही दिलं की आजारी पडतो. अशा गोष्टीला नाव काय देणार? अमेरिकेत मॅकॉलम यांनी स्निग्धात विरघळणारं ते ए, पाण्यात विरघळणारं ते बी, असं चालवलं. १९२०मध्ये इंग्लंडच्या ड्रमंड यांनी सुचवलं की सरळ व्हिटॅमिन ए, बी, सी म्हणा.

निंबोणी: आणि बी-४?

कोंडा: बी हे एकच द्रव्य नव्हतं, हीच खरी गोची. यीस्टला दाबाखाली भरपूर उष्णता दिली की बेरीबेरी बरा करणारा गुण जायचा, पण वाढीचा गुण टिकायचा. म्हणजे आत किमान दोन द्रव्यं. उष्णतेने मरणारं बी-१, टिकणारं बी-२. पुढे ते 'टिकणारं'ही मिश्रणच निघालं. मग ज्याला जे सापडेल त्याला पुढचा आकडा. बी-४ नाव मिळालेल्यांपैकी एक होतं ॲडेनिन, पण ते शरीर स्वतःच बनवतं. बाहेरून घ्यावं लागत नसेल तर ते जीवनसत्त्व कसलं? नाव गळालं, पण मागच्यांचे आकडे कोणी सरकवले नाहीत. सरकवले असते तर जुने निबंध वाचताना बोंब झाली असती.

चांगभलं: बी-१७च्या नावाने कॅन्सरवर काहीतरी विकतात, तेही यातलंच?

कोंडा: ते लेट्राइल, जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्याचा भाऊ. जीवनसत्त्व कधीच नव्हतं. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. आकडा लावला की माल खपतो, एवढंच.

सुपारी: आमच्या ह्यांना रक्त पातळ करायची वॉरफॅरिनची गोळी आहे. मग आता लिंबू बंद करू का?

कोंडा: लिंबू नाही हो ताई! त्या गोळीशी झगडतं ते के, म्हणजे पालक, मेथी, कोबी. तेही बंद नाही करायचं. रोज साधारण सारखंच खायचं आणि बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

निंबोणी: बारावर गाडी का थांबली ते राहिलंच.

कोंडा: थांबली कुठे, बी-१३ म्हणून ओरोटिक आम्लही होतं. तेही शरीरच बनवतं, म्हणून गळालं. बी-१२ १९४८मध्ये शुद्ध रूपात हाती आलं. त्यानंतर गळाला लागलेलं खरं जीवनसत्त्व एकही नाही.