मदत हवी आहे: गांधीधामला गोडाऊन, २ मीटरवर पाणी, खाली बारीक वाळू. लिक्विफॅक्शन होईल का?

कच्छी_साइट: एकमजली गोडाऊन आहे. ३ ते ९ मीटर करडी बारीक वाळू, ७५ मायक्रॉनखालचा भाग ४ टक्के. ६ मीटरवर एन-व्हॅल्यू ९, १०.५ मीटरवर २८. सल्लागार म्हणतात, राफ्ट टाका, बेअरिंग कपॅसिटी पुरते. पटत नाहीये.

विदर्भकर: आमच्या नागपूरच्या घरालाही पावसाळ्यात तडे गेले. वाळूच घाला हो खाली!

जमीनजुमला: विदर्भकर, तुमची काळी माती फुगते, हा प्रकार वेगळा. इथे हादऱ्याने सैल वाळूचे कण दाबले जातात, पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही आणि भार पाण्यावर येतो. बेअरिंग कपॅसिटीच्या गणितात हे दिसतच नाही.

६ मीटरवर हिशोब असा (वरची माती १८, खालची १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर):

```
CSR = 0.65 × (amax/g) × (σv/σ'v) × rd
    = 0.65 × 0.36 × (112/73) × 0.954 ≈ 0.34
```

०.३६ हा आयएस १८९३ (२०१६) मधला झोन ५ चा आकडा. दाब आणि रॉडच्या लांबीची दुरुस्ती केली की ९ चे साधारण १० होतात. लिक्विफॅक्शनच्या तक्त्यांत तेवढ्या एनच्या वाळूची ताकद ०.११, म्हणजे सुरक्षा गुणांक ०.३३. हेही ७.५ तीव्रतेसाठी, २००१ चा भूकंप त्याहून थोडा मोठाच होता.

बोअरवाला: एन इतका कमी म्हणजे केसिंगमधलं पाणी खाली गेलं असणार. बाहेरचं पाणी तळातून उसळतं, वाळू ढिली होते. आणि १५ च्या वर एन आला तर डायलटन्सीची दुरुस्ती करा.

जमीनजुमला: पहिलं अगदी बरोबर. दुसरं इथे नको, ती आयएस २१३१ मधली दुरुस्ती या तक्त्यांत धरलेली नाही. लावली तर एन विनाकारण कमी होतो.

कच्छी_साइट: ड्रिलरला विचारलं. पाणी खरंच भरत नव्हते! मग सगळं फुकट?

जमीनजुमला: नाही. एन दुप्पट, म्हणजे १८ धरा: गुणांक ०.६३ च्या आसपास. एकच्या वर जायला ६ मीटरवर २५ च्या आसपास एन लागेल. म्हणून 'होईल का' यासाठी पुन्हा बोअर नको. थर प्लॉटभर किती जाड आहे ते शोधायला हवं. त्यासाठी दोन-तीन ठिकाणी सीपीटी करा, त्यात पातळ गाळाचे पट्टेही दिसतात. सैल थर ६ मीटर आणि आकुंचन ढोबळ ३ टक्के धरलं तर १८ सें.मी. खचणं. सगळीकडे सारखं खचलं तर राफ्ट वाचेल, पण तसं क्वचितच होतं. स्टोन कॉलमचा दर काढून ठेवा.

बोअरवाला: पाइल टाकून मोकळे व्हा ना!

जमीनजुमला: २००१ ला कांडला बंदरातली कस्टम्सची इमारत पाइलवरच होती, तरी कलली. जमीन आडवी सरकली की पाइल वाकतात. कच्छी, प्लॉटपासून खाडी किती लांब?

कच्छी_साइट: साधारण १५० मीटर. उतार मोजलेला नाही.

जमीनजुमला: मग आधी लेव्हल घ्या. तो आकडा आल्याशिवाय पाइल की स्टोन कॉलम, यावर मी बोलणार नाही.